टाकीच्या वाढीव खर्चाची नोट

आमच्या संस्थेत नोटेशिवाय एक पैसा हलत नाही. नोट म्हणजे खालच्यानं वरच्याला लिहायचा आतला कागद. विषय काय, मंजुरी किती होती, आता किती लागतात, का लागतात, आणि शेवटी ‘मंजुरी द्यावी ही विनंती’. म्हैसूरच्या या शिक्षणसंस्थेत मी प्रशासन अधिकारी आहे आणि गेली वीसेक वर्षं अशा नोटा लिहिते आहे. माझ्या नोटा सहसा परत येत नसत. याचा मला गर्व होता आणि तो मी फारसा लपवतही नसे.

त्यातली खुबी सांगायला आता हरकत नाही. माझ्या नोटेत माणसं नसत. कामं निघत, खर्च वाढत, निर्णय होत, पण ते नेमके कुणी घेतले हे वाचणाऱ्याच्या हाती लागू नये इतपत कागद गुळगुळीत असे. आणि एखादं नाव घालावंच लागलं, तर जो संस्था सोडून गेला आहे किंवा आता जाणार आहे त्याचं घालायचं. हे मला कुणी बसवून शिकवलं नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी आधीच्या अधिकाऱ्यांच्या फायली वाचल्या, त्यात हीच रीत दिसली. गेलेल्या माणसाला कोण विचारायला जातं, असा त्यामागचा साधा हिशोब होता आणि तो मला शहाणपणाचा वाटला.

ज्यांच्याबद्दल हे लिहिते आहे ते आमचे इस्टेट सुपरवायझर. इमारती, पंप, वायरिंग, गटारं, सगळं त्यांच्याकडे. मी त्यांना अण्णा म्हणे आणि ते माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे असूनही मला अक्का म्हणत. चार लोकांत मात्र मेडम. आम्ही दोघंही इथली जुनी मराठी माणसं. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते, असं ते सांगत. आमच्या घरची मंडळी कारकुनी करत आली. आमची मराठी पुण्याच्या माणसाला ऐकवली तर तो आधी हसेल आणि मग त्यातल्या कन्नड शब्दांचा अर्थ विचारेल. पण ऑफिसात सगळीकडे कन्नड आणि इंग्रजी चालू असताना कुणीतरी दारात येऊन ‘अक्का, जेवण झालं की नाही?’ विचारलं की मला बरं वाटे.

त्या वर्षीच्या जूनअखेर अण्णा निवृत्त होणार होते. त्यांच्या बायकोचे दोन्ही गुडघे गेले होते. घर पहिल्या मजल्यावर, त्यामुळे ती बाई दीड वर्षं खाली उतरलीच नव्हती. निवृत्तीचा पैसा आला की दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं असं ठरलं होतं. डॉक्टरांनी ऑगस्टमधली तारीखही दिली होती. भरवसा होता तो विशेषतः न घेतलेल्या रजेच्या पैशांवर. अण्णांनी उभ्या नोकरीत रजा जवळपास घेतलीच नव्हती, त्यामुळे ती रक्कम चांगली मोठी होती. ते मला दर आठवड्याला विचारत, किती होतील, आणि मी दर आठवड्याला तोच आकडा सांगे. तो ऐकताना त्यांचा चेहरा उजळायचा, म्हणून मला सांगायचा कंटाळा येत नसे.

मुलींच्या वसतिगृहाच्या गच्चीवर पाण्याची सिमेंटची जुनी टाकी आहे, चार खांबांवर उभी. तिच्या बरोबर खाली मेसचं स्वयंपाकघर. टाकी गळत होती. मार्चमध्ये बजेट झालं तेव्हा तिच्या दुरुस्तीला सहा लाख मंजूर झाले: जुना गिलावा काढणं, नवा करणं, आतून गळतीबंद थर. मे महिन्यात मुली घरी गेल्या आणि कंत्राटदारानं काम सुरू केलं.

जुना गिलावा निघाला त्या दिवशी मी टी. नरसीपूरला होते. वडिलांचं वर्षश्राद्ध होतं. भाऊ संगमावर गुरुजींसमोर बसला होता आणि मी पायरीवर ओल्या काठांची साडी सावरत उभी होते. अण्णांचा फोन आला. त्यांनी सांगितलं की गिलावा काढल्यावर खांबांचं खरं रूप बाहेर आलं आहे. चारही खांबांतलं लोखंड गंजून फुगलं आहे, दोन खांबांत तर सळी हातानं मोडते. कंत्राटदार म्हणतो की खांबांना बाहेरून नवी सळी बांधून नवं काँक्रीट चढवावं लागेल. नाहीतर वरून गिलावा करून उपयोग नाही, टाकी एक दिवस खाली येईल. खर्च जवळपास तीन लाखांनी वाढेल.

“थांबवू का अक्का, की करून सोडू?” त्यांनी विचारलं.

गुरुजी माझ्याकडे बघत होते. पिंडांना नमस्कार करायला बोलावत होते.

“करून सोडा अण्णा,” मी म्हणाले. “नोट मी घालते.”

एवढंच बोलणं झालं, मिनिटभराचं. माझा अधिकार पंचवीस हजारांपर्यंतचा. मंजुरीच्या वर खर्च जाणार असेल तर काम सांगण्याच्या आधी सुधारित मंजुरी घ्यायची असते, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण आमच्याकडे तसं कधी होत नसे. तातडीचं काम आधी व्हायचं, नोट नंतर जायची, आणि जुने वित्तप्रमुख चष्मा वर सरकवून ‘पुढच्या वेळी आधी आणा बरं का’ म्हणत सही करायचे. ही पुढची वेळ कधीच आली नव्हती. मी फोन पर्समध्ये टाकला आणि वडिलांना नमस्कार केला.

मेअखेरीस जुने वित्तप्रमुख मुदत संपून गेले आणि जूनच्या पहिल्या तारखेला नव्या बाई आल्या. बंगळूरच्या कुठल्याशा कंपनीतून आलेल्या, चाळिशीच्या, हळू आवाजाच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सगळ्यांना चहाला बोलावलं आणि प्रत्येकाला एकच विचारलं, की तुम्ही सही करता ती कशाची करता. लोकांनी हसत हसत उत्तरं दिली. त्या हसल्या नाहीत, वहीत लिहून घेत राहिल्या. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं, पण मी माझ्या अनुभवावर विसंबले.

कंत्राटदाराचं पहिलं बिल सहा लाखांच्या आत होतं, ते निघालं. दुसरं आलं त्यानं खर्च मंजुरीच्या वर गेला, आणि काम संपेतो एकूण आठ लाख नव्वद हजार होणार होते. चारपैकी दोन खांब पूर्ण झाले होते. उरलेल्या दोन खांबांवरचं काँक्रीट फोडून सळ्या उघड्या केल्या होत्या आणि टाकीचं वजन त्या बाजूनं लोखंडी टेकूंवर तोललं होतं. इथं कंत्राटदारानं हात वर केले. दुसऱ्या बिलाचा पैसा आल्याशिवाय पुढचं सिमेंट आणणार नाही म्हणाला. शिवाय टेकू भाड्याचे आहेत, मालकाला ते पिरियापट्टणच्या दुसऱ्या कामावर शनिवारी हवे आहेत, असंही सांगून गेला. मुली सोमवारी परत येणार होत्या.

मी वर जाऊन बघितलं. उघड्या सळ्या काळपट लाल, पापुद्रे सुटलेल्या. टाकी रिकामी होती तरी टेकूंकडे बघताना मी नकळत एक पाऊल मागं घेतलं. खाली स्वयंपाकघरात मेसची आचारीण ओटा पुसत होती. तिनं फडकं मला दाखवलं. रोज सकाळी ओट्यावर असा लाल भुगा पडलेला असतो, झाकून ठेवलं तरी पडतो, म्हणाली. मुली यायच्या आधी डाळ-तांदूळ निवडून ठेवायला ती दोन बायकांना घेऊन तिथंच बसत होती. मी तिला म्हटलं, दुसरीकडे बसा. ती म्हणाली, बाकी सगळ्या खोल्यांना कुलपं आहेत मेडम.

त्या दुपारी मी नोट लिहिली. मंजुरीचा क्रमांक, मंजूर रक्कम, आजवरचा खर्च, वाढीव रक्कम, मूळ आणि सुधारित अंदाजाचा तक्ता, मोजमाप वहीची पानं, बाहेरच्या स्ट्रक्चरल इंजिनियरांचं पत्र. त्या पत्राची तारीख काम सुरू झाल्याच्या नंतरची होती, पण तेवढं चालतं. कारण लिहिलं: काम चालू असताना खांबांची अवस्था लक्षात आल्यानं, सुरक्षिततेच्या दृष्टीनं, अतिरिक्त काम तातडीनं हाती घेण्यात आलं. वाढीव खर्चाला मंजुरी द्यावी ही विनंती. वाचून मलाच समाधान वाटलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या आत नोट परत आली. समासात हिरव्या शाईत, सुबक अक्षरांत तीन प्रश्न. अतिरिक्त काम करायला कुणी सांगितलं, कोणत्या तारखेला, लेखी की तोंडी? सुधारित मंजुरी आधी का घेतली नाही? वाढीव रक्कम कोणत्या शीर्षातल्या बचतीतून भागवायची? खाली सही आणि एक ओळ: ‘उत्तर आल्यावर लगेच बघते.’

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. वसतिगृहाच्या फर्निचरच्या शीर्षात, म्हणजे बजेटमधल्या त्या खात्यात, चार लाख पडून होते, पलंगांची खरेदी पुढच्या वर्षावर गेली होती. दहा लाखांपर्यंतच्या कामात एका शीर्षातली बचत दुसऱ्याकडे वळवायचा अधिकार वित्तप्रमुखांना आहे. त्यावर गेलं तर कार्यकारी समिती. आम्ही दहाच्या आत होतो. दुसऱ्यालाही तातडीचं कारण पुरलं असतं. अडलं ते पहिल्यावर.

मी त्यांच्या खोलीत गेले. म्हटलं, मेडम, काम गरजेचं होतं, ते कुणी सांगितलं यानं काय फरक पडतो, खाली बायका काम करतात. त्या कन्नडमध्ये शांतपणे म्हणाल्या की खाली बायका काम करतात हे नोटेत कुठंच नाही. मग त्यांनी तिथल्या तिथं वॉर्डनला फोन लावला. स्वयंपाकघर आजपासून बंद, इंजिनियरांनी लिहून देईपर्यंत बाहेरून डबे मागवा, त्याचा खर्च मी बघते. कंत्राटदारालाही फोन केला आणि सांगितलं की एक टेकू जरी हलला तरी पुढं जे होईल त्याला तो जबाबदार राहील, आणि टेकूंचं भाडं संस्था भरेल. चार मिनिटांत त्यांनी ते केलं जे मी दोन दिवसांत केलं नव्हतं. मला लाज वाटली आणि त्या लाजेचा रागही आला.

“पैसे मी थांबवणार नाही,” त्या म्हणाल्या. “पण कुणी सांगितलं ते मला लिहून हवं. नाव.”

मी खाली येऊन बसले. खरं उत्तर एका ओळीचं होतं: अमुक तारखेला सुपरवायझरांनी फोनवर विचारलं आणि मी, अधिकार नसताना, होकार दिला. ही ओळ मी मनात लिहून बघितली. मग मनातच खोडली. मला निवृत्तीला दहा वर्षं आहेत. उपनिबंधकाची जागा रिकामी होती आणि तिच्यासाठी माझं नाव चाललं होतं. नव्या बाईंच्या वहीत माझ्या नावापुढं पहिलीच नोंद ही नको होती. आणि अण्णा तर तीन आठवड्यांनी घरी जाणार. जाणाऱ्या माणसाचं काय वाकडं होणार? चारदोन ओळींचा ताशेरा मारतील, फाईल बंद होईल, त्यांना तो कागद कधी दिसणारही नाही. असं मी स्वतःला नीट समजावलं. निवृत्त होणाऱ्याचा ना-देय दाखला, ज्याशिवाय त्याचे पैसे सुटत नाहीत, माझ्याच टेबलावरून जातो आणि त्यावर वित्तप्रमुखांची सही लागते, हे मला ठाऊक होतं. ते मी त्या दुपारी आठवू दिलं नाही.

मी नेहमीप्रमाणे इंग्रजीत लिहिलं: ‘कामाच्या जागी उद्भवलेली परिस्थिती पाहून इस्टेट सुपरवायझर यांनी अतिरिक्त काम कंत्राटदारास तोंडी सांगितले.’ यात एकही शब्द खोटा नव्हता. कंत्राटदाराला त्यांनीच सांगितलं होतं. मी फक्त त्याच्या आधीचं एक मिनिट वगळलं.

नोटेवर अण्णांचीही सही लागणार होती. ते आले तेव्हा हाताला सिमेंट होतं, ते त्यांनी पँटला पुसलं. इंग्रजी त्यांना येत नसे असं नाही, मीटरचं वाचन, पंपाच्या कंपनीचं पत्रक ते वाचत. पण ऑफिसचा कागद ते वाचत नसत. माझ्यासमोर तर नाहीच. मी नेहमीसारखी पेन्सिलनं छोटी फुली करून ठेवली होती.

“हितं?” त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. त्यांनी सही केली, तारीख घातली आणि विचारलं की आता पैसे सुटतील ना, कंत्राटदाराची माणसं दोन दिवस बसून आहेत. मी म्हटलं सुटतील. ते गेल्यावर मी खोडरबरनं फुली पुसली. कागद त्या जागी थोडा खरखरीत झाला होता आणि माझं बोट उगीचच तिथं जात राहिलं.

संध्याकाळच्या आत मंजुरी आली. हिरव्या शाईत दोन परिच्छेद. पहिल्यात वाढीव खर्चाला कार्योत्तर मंजुरी, फर्निचरच्या शीर्षातून रक्कम वळवण्याचा आदेश, बिलातून नेहमीची कपात करून पैसे लगेच द्यावेत. दुसरा परिच्छेद मी उभ्यानंच वाचला. पूर्वमंजुरीशिवाय संस्थेला खर्चात बांधणं ही गंभीर बाब आहे. संबंधित कर्मचाऱ्याची जबाबदारी निश्चित करण्यासाठी प्रकरण समितीच्या दोन सदस्यांकडे द्यावं. निर्णय होईपर्यंत त्यांच्या अंतिम देण्यांपैकी कायद्यानं द्यावीच लागणारी रक्कम सोडून बाकी राखून ठेवावी.

कायद्यानं द्यावी लागते ती ग्रॅच्युइटी. रजेचे पैसे त्यात येत नाहीत.

मी तेव्हाही वर जाऊ शकले असते. वित्तप्रमुखांच्या खोलीतला दिवा चालू होता, दार अर्धं उघडं होतं. मी जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराचे पैसे गेले, सिमेंट आलं, आणि मी स्वतःला सांगितलं की काम तर झालं.

अण्णांना मीच पत्र दिलं, कन्नडमध्ये काढलेलं, चौकशीला हजर राहण्याबद्दल. त्यात नोटेचा उल्लेख होता, नोट जोडलेली नव्हती. त्यांनी ते दोनदा वाचलं, घडी केली आणि खिशात ठेवलं. मला वाटलं ते काहीतरी विचारतील. त्यांनी एवढंच विचारलं, की घरी सांगावं लागेल का. मी म्हटलं, आत्ता नको. असले सल्ले द्यायला माझी जीभ कशी वळली कोण जाणे.

चौकशी एका बुधवारी झाली, समितीच्या खोलीत, दार लावून. मला बोलावणं नव्हतं. माझी खोली समोरच आहे. मी फाईल उघडून बसले आणि एक ओळही वाचली नाही. अण्णा माझं नाव सांगणार, हे मी धरून चालले होते. का सांगू नये? फोन मला केला होता, तारीख त्यांच्या फोनमध्ये होती, वडिलांचं श्राद्ध होतं हेही त्यांना ठाऊक होतं. मी उत्तर तयार करत होते: मी तपासून बघा म्हणाले होते, करा म्हणाले नव्हते. हे वाक्य मी इतक्यांदा मनात म्हटलं की मलाच ते खरं वाटायला लागलं, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

पाऊण तासानं दार उघडलं. अण्णा बाहेर आले, पाणी प्याले, माझ्या दाराकडं बघितलं आणि पंपघराकडं निघून गेले. सदस्य गाडीत बसून गेले. मला कुणी बोलावलं नाही.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते सांगून पटणार नाही. टेबलावरचा फोन वाजला की मी तो दोन-तीनदा वाजू देई. वित्तप्रमुख जिन्यात भेटल्या, ‘नमस्कार’ म्हणाल्या, तरी मी त्या नमस्काराचा अर्थ लावत बसे. जूनअखेर अण्णांचा निरोप समारंभ झाला. डोक्यावर म्हैसुरी पेटा, म्हणजे पगडी, घातली, शाल दिली, फळांची टोपली दिली. मी चार वाक्यं बोलले, चांगली बोलले असं लोक म्हणाले. टाकी तोवर पूर्ण झाली होती. पाणी भरलं त्या दिवशी मी खाली स्वयंपाकघरात जाऊन छताकडं बघत उभी राहिले. काही पडलं नाही. ओटा स्वच्छ होता.

जुलैत समितीचा निर्णय आला. कर्मचाऱ्यानं आपली चूक मान्य केली आहे, हेतू वाईट नव्हता, तरी रजेच्या रकमेतून काही भाग वसूल करावा की नाही यावर पुढील बैठकीत विचार व्हावा, तोवर रक्कम तशीच ठेवावी. पुढची बैठक ऑक्टोबरात. ‘चूक मान्य केली आहे’ हे शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. त्यांनी काय मान्य केलं, हे मला समजेना. विचारायचं धाडस नव्हतं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अण्णा ऑफिसात आले. आता त्यांच्याकडं ओळखपत्र नव्हतं म्हणून दारावरच्या माणसानं वहीत नाव लिहून घेतलं होतं, आणि ते त्यांनी मला हसत सांगितलं. दाढी वाढली होती. समोरच्या खुर्चीवर बसायला मी दोनदा सांगितलं तेव्हा बसले. ऑपरेशनची तारीख रद्द केली, म्हणाले. डॉक्टर पुढच्या वर्षी बघू म्हणालेत. ग्रॅच्युइटीतून मुलाचं जुनं कर्ज फेडलं, ते आधीच ठरलेलं होतं. बायको दिवसभर खिडकीत बसते.

“एक अर्ज घालून द्या अक्का,” ते म्हणाले. “रजेचे पैसे सोडा म्हणून. तुमचं लिहिणं चांगलं असतं, वरती नडतं.”

नडतं म्हणजे कन्नडमधलं ‘नडेयुत्ते’, चालतं. मी कागद पुढं ओढला. काय लिहायचं ते विचारण्याऐवजी माझ्या तोंडून दुसरंच गेलं. मी विचारलं, आत त्यांनी काय विचारलं होतं.

“तुमची नोट कन्नडात वाचून दाखवली,” अण्णा म्हणाले. “हे बरोबर का म्हणून विचारले. हौदु, हो म्हटलं. काम सांगायच्या आधी कुणाला विचारलं होतं का, म्हणाले. इल्ल, नाही म्हटलं, माझं मीच करून सोडलं.”

मला त्यांच्याकडं बघवेना. मी टेबलावरच्या कागदाकडं बघत विचारलं, असं का सांगितलंत.

“तुम्हाला अजून दहा वर्षं हितं बसायचं आहे, नाही का, अल्वा?” ते म्हणाले. “मी तर निघालेलोच होतो.”

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. तो असता तर मी रडले असते, भांडले असते, काहीतरी केलं असतं. त्यांनी मला वाचवलं ते माझ्याच हिशोबानं, शब्दही जवळपास तेच, फक्त तो हिशोब त्यांनी स्वतःवर मांडला होता. मी त्यांना म्हटलं, अण्णा, मी आता खरं लिहिते, फोन मला केला होता हे या अर्जात घालते, मग पैसे अडणार नाहीत. हे म्हणताना पेनचं टोपण मी काढलं नव्हतं. त्यांनी ते बघितलं.

“बेड,” ते म्हणाले. नको. “तुमचं नाव घालू नका. उगाच दोघांचं अडकेल.”

ते ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी लिहून ठेवते आहे कारण आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दुःख झालं, लाज वाटली, ते सगळं नंतर. पहिल्यांदा सुटल्यासारखंच वाटलं, आणि त्या क्षणी मी स्वतःला जेवढी घाबरले तेवढी त्या टाकीखालीही घाबरले नव्हते.

मग मी त्यांचा अर्ज लिहिला. प्रदीर्घ आणि निष्कलंक सेवा, पत्नीचं आजारपण, सुरक्षिततेच्या हेतूनं घेतला गेलेला निर्णय, सहानुभूतीनं विचार व्हावा. चांगला झाला. सही कुठं करायची ते त्यांनी विचारलं आणि मी बोटानं जागा दाखवली. या खेपेलाही त्यांनी वाचला नाही.